परिशिष्ट ‘अ’ : निरंक

सदतीस माणसांच्या सह्या मी अडीच दिवसांत गोळा केल्या. नीरजसाहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं होतं, आणि मी मूर्ख बाई, घरी जाऊन ते नवऱ्याला सांगितलंही होतं. त्या सदतीसांतली एक सही सुयोगची होती. तिच्याबद्दल मला बोलायचंय. इतके दिवस बोलले नाही, कारण बोलण्यासारखं माझ्याकडे जे होतं त्यात माझीच शोभा होती.

भाईंदर पूर्वेला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गुणवंतशेठची स्टीलच्या भांड्यांची कंपनी आहे. डबे, पातेली, झारे, किसण्या, सगळं. मी तिथे चौदा वर्षं. गिरगावातली खोली विकून मीरा रोडला आलो तेव्हा घराजवळ नोकरी मिळाली म्हणून देवाला नारळ वाढवला होता. नऊ वर्षं मी ‘ऑफिसातली विनिताबेन’ होते. मग शेठचे चिरंजीव नीरज शिकून आले आणि मी एका दिवसात ‘एच. आर.’ झाले. खुर्ची तीच, पंखा तोच, फक्त दारावर पाटी लागली.

दोन हजार बावीसच्या फेब्रुवारीत एका मोठ्या दुकानसाखळीने आमचा माल घ्यायचं ठरवलं. त्यांची अट होती की कंपनीतल्या प्रत्येक डिझाइनवर कंपनीचाच हक्क आहे असे कागद हवेत, उद्या कुणी कामगार उठून ‘हे माझं’ म्हणायला नको. नीरजसाहेबांनी कुठल्याशा मित्राकडून करार मागवला. कर्मचाऱ्याने लावलेले शोध आणि गोपनीयता याबद्दलचा, अकरा पानांचा, सगळा इंग्रजीत. “विनिता मॅम, सबका साइन शुक्रवार तक चाहिए,” एवढं बोलून ते निघून गेले.

मी तो वाचला होता. वाचला नव्हता असं म्हणायची मला सोय नाही. सहाव्या कलमात लिहिलं होतं की या कराराच्या तारखेपासून कर्मचारी जो काही शोध लावील, एकट्याने वा इतरांबरोबर, कामाच्या वेळेत वा वेळेबाहेर, कंपनीच्या जागेत वा इतर कुठेही, तो कंपनीच्या आजच्या किंवा पुढे होऊ शकणाऱ्या धंद्याशी संबंधित असेल तर कंपनीच्या मालकीचा. त्याचे कागद करायची वेळ आली तर कर्मचाऱ्याच्या वतीने कंपनीच सही करू शकेल, हेही होतं. आणि शेवटच्या पानावर परिशिष्ट ‘अ’. त्यात कर्मचाऱ्याने आधीच लावलेले शोध लिहायचे होते, म्हणजे ते करारातून वगळले जातील. रिकामं सोडलं किंवा निरंक लिहिलं, तर आधीचं काही नाही असं धरलं जाईल.

आता पॉलिशवाले, प्रेसवाले, पॅकिंगच्या बायका, यांनी कुठले शोध लावलेत! मी सरळ सगळ्यांना सांगत गेले, “फॉर्मॅलिटी आहे. इथे सही, इथे तारीख, इथे निरंक.” ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं निरंक मीच लिहिलं. माझं अक्षर सुवाच्य आहे, शाळेत त्याला बक्षीस मिळालं होतं.

सुयोग टूलरूममध्ये डायमेकर होता. डाय म्हणजे ज्या साच्यावर पत्रा दाबून पातेलं निघतं तो साचा. नकाशा हातात दिला की हा माणूस लोखंडातून तो साचा काढायचा, आणि केसाइतकी चूक नसायची. राई गावचा, आगरी घरातला. बापजाद्यांचं मिठागर आणि भातशेती, आता तिथे टॉवर. वडील, बाबुराव, कधीच गेलेले. आई गोदूबाई भाईंदर पश्चिमेच्या बाजारात मासळी घेऊन बसते. मी दर रविवारी तिच्याकडूनच मासळी घ्यायचे, सुयोगची आई आहे हे कळायच्या आधीपासून.

सुयोग कागद घेऊन माझ्या टेबलापाशी आला. शेवटच्या पानावर बोट ठेवून म्हणाला, “मॅडम, हितं माझी विळी लिहू काय?”

ही विळी मला चांगली ठाऊक होती. दोन हजार वीसच्या टाळेबंदीत कंपनी बंद होती. गोदूबाईचा हात विळीच्या पात्यावर पडून नऊ टाके पडले. घरी बसून बसून सुयोगने आईसाठी नवी विळी, त्यांच्या बोलीत मोरली, केली. पाटावर पाय ठेवला की पातं उभं राहायचं आणि पाय काढला की आपोआप खाली पाटात जाऊन बसायचं. पाटाखाली एक पट्टी आणि स्प्रिंग, एवढाच कारभार. पण तो त्याने सात वेळा मोडून केला होता, स्वतःच्या घरी, स्वतःच्या शेगड्यावर, म्हणजे पत्रा घट्ट धरायच्या लोखंडी पकडीवर, भंगारातून विकत आणलेल्या पत्र्यावर. बाजार पुन्हा सुरू झाला तशी गोदूबाई ती घेऊन बसायला लागली. त्या विळीवर कापलेली पापलेटं मी खाल्ली आहेत.

त्याने विचारलं तेव्हा पावणेसहा वाजले होते. अजून अकरा जण राहिले होते. परिशिष्टात काही लिहिलं तर त्यावर नीरजसाहेबांची वेगळी सही लागणार, ते विचारणार हे काय आहे, नकाशा आणा, तारीख सांगा. मी हसले. म्हणाले, “अरे, आईच्या विळीला कोण विचारतंय? निरंक लिही आणि मोकळा हो.”

त्याने लिहिलं. माझ्यावर विश्वास होता त्याचा.

नंतर मी त्याला एकदा विचारलं होतं, की एवढी चांगली वस्तू तू आधीच नोंदवली का नाहीस. तर तो म्हणाला, “ट्रायल व्हायची होती ना.” टूलरूमचा हा धर्म आहे. डाय कितीही देखणी झाली तरी हजार नग निघेपर्यंत तिला कुणी डाय म्हणत नाही. त्याआधी तिची तारीफ करणाऱ्याला टूलरूममध्ये हसतात. सुयोगनेही तेच केलं. गोदूबाईच्या रांगेतल्या आणखी चार कोळणी-आगरणींना त्याने एकेक विळी करून दिली, पत्र्यापुरते पैसे घेतले आणि सांगितलं, वापरा, कुठे अडते ते सांगा. त्या बायका रोज विळी उलटी करून नळाखाली धुवायच्या आणि त्याला शिव्या घालत दोष सांगायच्या. खवले अडकतात, स्प्रिंग गंजते, पट्टी पायाला टोचते. तो सुधारत गेला. करारावर सही केली त्याच्या सहा महिने आधीच विळी पक्की झाली होती, पण त्याची ट्रायल काही संपेना.

दोन हजार तेवीसच्या पावसाळ्यात त्याला वाटलं, झाली ट्रायल. राईतल्या बचत गटाने शंभर विळ्या मागितल्या होत्या. हाताने शंभर पट्ट्या ठोकण्यापेक्षा आपल्याच कंपनीच्या प्रेसवर रविवारी काढून घेऊ, रीतसर मजुरी देऊ, असं त्याने ठरवलं. म्हणून विळी पिशवीत घालून गुणवंतशेठकडे गेला. मला दाखवत गेला, खुशीत होता. शेठनी पाय ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. नीरजना बोलावलं. नीरजनी मोबाइलवर फोटो काढले, विळी उलटी करून खालचेही काढले.

“रख जाओ, देखते हैं,” ते म्हणाले.

सप्टेंबरमध्ये कंपनीने त्या विळीच्या पेटंटसाठी अर्ज केला. अर्जदार कंपनी, शोधकर्ता सुयोग. अर्ज करायचा हक्क कंपनीला कुठून मिळाला, याचा पुरावा म्हणून करार जोडला, शेवटच्या पानासकट. लवकर प्रसिद्ध व्हावा म्हणून जास्तीची फीही भरली. सुयोगची सही कुठे लागली नाही, कलमातल्या अधिकाराने नीरजनी केली. ती फाइल माझ्या हातून गेली. मला वाटलं, सुयोगला माहीत असेल. खरं सांगायचं तर मला तसं वाटून घ्यायचं होतं.

सुयोग प्रेसची वाट पाहत राहिला. तीन महिने ‘देखते हैं’ ऐकून कंटाळला आणि राजीनामा देऊन राईत जुन्या मिठाच्या कोठारात त्याने स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं. निरोप समारंभाला मी पेढे मागवले होते. दोन महिन्यांनी त्याला कंपनीच्या वकिलाची नोटीस गेली. विळीचा शोध कंपनीच्या मालकीचा, तिची रचना कंपनीचं गुपित, ताबडतोब उत्पादन बंद करा, नाहीतर न्यायालयात खेचू.

तो थेट माझ्या घरी आला. दारातच उभा राहिला, आत येईना.

“मॅडम, माझी विळी शेठची कशी झाली?”

आरडाओरडा केला असता तर मी भांडले असते, भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण तो खरोखर विचारत होता, एखाद्या डायमध्ये चूक कुठे राहिली ते शोधावं तसं. मी त्याला आत बसवलं, चहा दिला, आणि शनिवारी संध्याकाळी उर्मिलाताईंकडे घेऊन गेले. त्या आमच्याच इमारतीत राहायच्या, आता मीरा रोड स्टेशनसमोर ऑफिस आहे. वकील, आणि पेटंटचंच काम करतात.

उर्मिलाताईंनी करार आणि नोटीस सावकाश वाचली.

सुयोग म्हणाला, “ताई, मी हे घरी केलंय. सुट्टीत. कंपनी तर बंद होती. कंपनीचा खिळासुद्धा वापरला नाही.”

“सगळे पहिल्यांदा हेच सांगतात,” त्या म्हणाल्या. “घड्याळाने फारसं काही ठरत नाही. हे बघ, आपल्या पेटंट कायद्यात कामगाराचा शोध मालकाचा असं कुठलंही कलम नाही. करार नसता तर प्रश्न एवढाच होता, की तुला कशासाठी ठेवलं होतं. तुला डाय करायला ठेवलं होतं, नव्या वस्तू शोधायला नाही. घरी केलेली विळी तुझीच राहिली असती. पण तू सही केलीस. आता सही कशावर आहे ते बघायचं. कलम म्हणतं, वेळेबाहेर केलेलंसुद्धा, जर ते कंपनीच्या धंद्याशी जुळत असेल तर. कंपनी स्वयंपाकघरातलं सामान बनवते. विळी त्याबाहेर आहे असं मी कुठल्या तोंडाने सांगू? तू घरी शिडाची होडी केली असतीस तर गोष्ट वेगळी.”

“पण मी वीस साली केली. हा कागद बावीसचा.”

उर्मिलाताई एकदम सरसावल्या. “मग ती या कलमात येतच नाही! कराराच्या तारखेपासून असं स्पष्ट लिहिलंय. मग परिशिष्टात का नाही लिहिलीस?”

सुयोगने माझ्याकडे पाहिलंच नाही. त्याने पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

“मी नको म्हटलं,” मी म्हणाले. “त्याने विचारलं होतं. मीच निरंक लिहायला लावलं.”

उर्मिलाताईंनी मला काही ऐकवलं नाही. म्हणाल्या, “निरंक लिहिलं म्हणून शोध आपोआप कंपनीचा होत नाही. पण आधीचं काही नव्हतं असं धरून चालतील, आणि उलट सिद्ध करणं याच्या गळ्यात. नकाशे आहेत? तारखेचे? बिलं?”

नकाशे कुठले! तो फरशीवर खडूने काढतो आणि पायाने पुसतो. पत्रा भंगारवाल्याकडचा, तिथे बिल मागितलं तर तो हसेल.

“साक्षीदार तरी?”

सुयोगचा चेहरा उजळला. “आहेत की! माझी आई. बाजारातल्या चार बाया. एकवीसपासून रोज वापरतात. पूर्ण बाजाराने बघितलंय. मॅडमनी बघितलंय.”

उर्मिलाताईंनी पेन खाली ठेवलं. “उघड्या बाजारात? पाटाखालची रचना लोकांना दिसायची?”

“रोज उलटी करून धुतात ना. कुणीबी बघायचा. दोघा-तिघांनी मागितली पण माझ्याकडं.”

“आणि पैसे घेऊन दिल्यास?”

“पत्र्यापुरते.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही. पेटंट नव्या गोष्टीला मिळतं, आणि नवी म्हणजे अर्जाच्या दिवसापर्यंत लोकांत न आलेली. कंपनीने अर्ज केला तेवीसच्या सप्टेंबरात. एकवीसपासून विळी भर बाजारात उघडी चालते आहे हे आपण शपथेवर सांगितलं, तर ती सुयोगने करारापूर्वी केली हे सिद्ध होईल. कंपनीचा अर्ज फेटाळला जाईल. पण त्याच पुराव्याने सुयोगलाही पेटंट मिळणार नाही. कुणालाच नाही. विळी सगळ्या जगाला मोकळी.

“ही ट्रायल होती ताई,” सुयोग म्हणाला. “टेस्टिंग. ती धरतात काय?”

“ट्रायलला सवलत आहे. अर्जाच्या आधी एक वर्षापर्यंतची, आणि तीसुद्धा तेवढीच आवश्यक असेल तर. तुझी दोन वर्षांच्या वर चालली.”

मला हसू आलं, रडू येण्याआधी येतं तसलं. या माणसाने शंभरदा तपासल्याशिवाय वस्तू आपली म्हटली नाही. त्याच्या हातातली चांगली सवय त्याला नडली, आणि माझी आळशी सवय त्याला बुडवून गेली.

“गुपिताचं म्हणाल,” उर्मिलाताई पुढे म्हणाल्या, “तर तो मुद्दा पोकळ आहे. भर बाजारात धुतात ते गुपित कसलं? अर्ज मंजूर व्हायच्या आत हरकत घ्या. कुणीही घेऊ शकतं. कंपनीचं काम थांबेल, आणि तुला विळ्या करायला कुणी अडवू शकणार नाही. फक्त दुसऱ्या कुणाला तूही अडवू शकणार नाहीस. पण यात विनिताताईंचं प्रतिज्ञापत्र फार महत्त्वाचं. घरच्यांचं आणि गिऱ्हाईकांचं कंपनी सहज खोडून काढील. कंपनीच्या बाईने लिहून दिलं, की विळी मी करारापूर्वी पाहिली होती आणि परिशिष्ट मीच रिकामं ठेवायला लावलं, तर त्याला वजन आहे.”

“मी तर असलाच करार केलाय,” मी म्हणाले. “गोपनीयतेचा.”

“बाजारात विळी पाहिली हे कंपनीचं गुपित नाही. खरं सांगायला करार आड येत नाही. नोकरीचं मात्र मी काही सांगू शकत नाही.”

नोकरीचं मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी बावन्न वर्षांची. नवऱ्याचं बायपास झाल्यापासून तो घरी. मुलीचं, इशिताचं, कॉलेजचं शेवटचं वर्ष. प्रतिज्ञापत्र दिल्याच्या दुसऱ्या दिवशी नीरजनी मला हसतमुखाने पाकीट दिलं असतं. तीन दिवस मी जेवले नाही नीट. आणि मग ठरवलं, द्यायचं. मी काही शूर बाई नाही. पण आरशात रोज बघायचं असतं. उर्मिलाताईंनी मसुदा केला. सव्वा पान. त्यात एक वाक्य होतं: ‘परिशिष्टात निरंक लिहिण्यास मी सांगितले.’ ते मी चार वेळा वाचलं, आणि रविवारी सकाळी पिशवीत घालून रिक्षाने राईला गेले.

गोदूबाई बाजारात जायच्या तयारीत होती. मला बघून म्हणाली, “ये गं बाय, बस. आज मांदेली मस्त हायत.” तिला कराराचं काही कळलं नव्हतं, एवढंच कळलं होतं की पोरावर शेठने केस घातली. सुयोग कोठारात होता. शंभरातल्या साठ विळ्या भिंतीशी रचलेल्या. नोटीस आल्यापासून त्याने एकीलाही हात लावला नव्हता.

मी मसुदा त्याला दिला. त्याने इंग्रजी बाजूला ठेवून उर्मिलाताईंनी केलेलं मराठी वाचलं, एकेक ओळ बोटाने. मग कागद घडी करून मला परत दिला.

“नको मॅडम.”

“नको म्हणजे? अरे, मी देतेय ना! माझ्या नोकरीचं मी बघीन.”

“तुमच्या नोकरीसाठी नाही.” तो पत्र्याच्या डब्यावर बसला. “ह्याच्यात काय लिहिलंय, की ही विळी नवी नव्हती. माझ्याकडून पण तेच लिहून घेणार. आईकडून पण. मी सात वेळा मोडून केली ती. दुनियेत कुठं नव्हती. आणि मीच शपथेवर सांगू, ह्याच्यात नवीन काय नाय?”

“कायद्यातलं नवीन वेगळं असतं सुयोग. त्याने तू शोधलीस हे थोडंच जातं!”

“जातं. अर्ज फेटाळला की माझं नाव जातं. मग उद्या तुमच्या त्या भाईंदरच्या दहा कंपन्या बनवणार, निम्म्या किमतीत. त्यांच्यासमोर माझं हे कोठार किती दिवस टिकतंय? आणि कुणाला माहीत असणार कुणी केली? काल नीरजसाहेबांचा फोन आला. नोटीस मागं घेतो म्हणाले. टूलरूम इन्चार्ज म्हणून घेतो. पेटंटात शोधकर्ता म्हणून माझंच नाव राहणार. सरकारकडून त्याचं वेगळं सर्टिफिकेट पण मिळतं म्हणे, मागितलं की.”

“आणि विळी?”

“विळी कंपनीची.”

“आणि हे?” मी भिंतीकडे हात केला.

“त्यांना देऊन टाकायच्या.”

मी त्याला खूप बोलले. आवळा देऊन कोहळा काढतायत तुझ्याकडून, म्हटलं. नावाने पोट भरतं का, म्हटलं. आज बाजारातल्या बायका तुझ्याकडे विळी मागतात, उद्या त्यांना शेठच्या दुकानातून घ्यावी लागेल, म्हटलं. सगळं खरं होतं आणि मी मनापासून बोलत होते. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, “मॅडम, माझ्या घरात कुणाचं नाव कधी छापून आलं नाय. सातबाऱ्यावर होतं, ते पण बिल्डरने काढलं. एवढं राहू द्या.”

मी मसुदा पिशवीत ठेवला आणि उठले.

आता जे सांगायचं आहे ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. राईच्या नाक्यावर रिक्षात बसले आणि मला हायसं वाटलं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं. नोकरी राहिली, इशिताची फी राहिली, आणि मी द्यायला गेले होते, त्यानेच नको म्हटलं, असं म्हणायलाही जागा राहिली. मी मोबाइलवर गाणी लावली. घरी जाऊन पोटभर जेवले. इतकी घाणेरडी आहे मी.

सोमवारी सुयोग पुन्हा कामावर आला. पहिलं काम त्याला विळीच्या पट्टीच्या डायचं मिळालं. त्याने ती बारा दिवसांत केली आणि हजार नग निघेपर्यंत प्रेसपाशी उभा राहिला. विळी आता दुकानसाखळीत चकचकीत खोक्यात मिळते. खोक्यावर कंपनीचं नाव आहे. शोधकर्त्याचं नाव खोक्यावर छापत नाहीत, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मधल्या काळात उर्मिलाताईंचा फोन आला होता. म्हणाल्या, “अजून मंजूर झालेलं नाही. सुयोग नको म्हणत असेल तर तुम्ही स्वतःही हरकत घेऊ शकता. कायद्यात ‘कुणीही’ म्हणजे कुणीही. बाजारातल्या बाकीच्या बायकांना तरी विळ्या मोकळ्या होतील.” मी म्हटलं, विचार करून कळवते. त्यांनी पुन्हा फोन केला नाही आणि मीही केला नाही. माणसाला विचार करायचा नसला की तो असंच म्हणतो.

गेल्या वर्षी पेटंट मंजूर झालं. कंपनीच्या नावाचं शेठनी काचेत लावून रिसेप्शनला टांगलं. सुयोगसाठी शोधकर्त्याचं प्रमाणपत्र मागवलं, तो अर्ज मीच भरला. ते आलं त्या दिवशी त्याने अर्धी सुट्टी घेतली.

रविवारी मी बाजारात गेले. न जाऊन चाललं असतं, पण इतक्या वर्षांची सवय. गोदूबाई तिच्या जागेवर होती. चौघींपैकी दोघींच्या विळ्यांच्या स्प्रिंगा गेल्या होत्या आणि त्या पुन्हा जुन्या विळ्यांवर बसल्या होत्या, कारण दुरुस्त करायला सुयोगला बंदी होती. दुकानातली नवी घेणं त्यांना परवडण्यासारखं नव्हतं. गोदूबाईने माझी सुरमई कापली, हात धुतले, पदराला पुसले आणि टोपलीखालून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली प्रमाणपत्राची झेरॉक्स काढली. ती मला उघडून दाखवली. ओल्या बोटांचे डाग पडू नयेत म्हणून कडेने धरली होती.

“तू शिकलेली हायस बाय. बघ, ह्या माझ्या पोराचा नाव हाय ना?”

“हो मावशी. त्याचंच.”

“सरकारनी लिवलाय, मोरली त्यानीच शोधली?”

“हो.”

“मग ती शेठची कशी झाली?”

तिच्या पोराने दारात उभं राहून विचारलेला प्रश्न तिला माहीत नव्हता. तिने आपला तिच्या मनाने विचारला. आजूबाजूला गिऱ्हाइकं होती. बाकीच्या चौघी माझ्याकडे बघत होत्या, शिकलेली बाई काय सांगते म्हणून.

“त्याने कागदावर सही केली होती ना, मावशी,” मी म्हणाले.

“न वाचता केलान?”

“हो.”

गोदूबाईने कपाळाला हात लावला. “येडा माझा पोर,” ती म्हणाली आणि माझी सुरमई पिशवीत भरून वर दोन मांदेली घातली, मी पैसे देत असताना नको नको म्हणत.